सहकारी रजेवर आहे, तोवर कोणाला विचारायचं? टीम लीडने टाकायच्या नोटिशीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावच्या एमआयडीसीत पाइप आणि ठिबकचं सामान बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी डिस्पॅच विभाग सांभाळतो. यंदा मे महिन्यात आमचे सगळ्यात जुने सहकारी तेरा दिवस रजेवर गेले. तेव्हा टाकलेली नोटीस आजूबाजूच्या दोन-तीन ऑफिसांनी मागून नेली आणि मग प्रश्न सुरू झाले. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नावांऐवजी ऑफिसात ज्या हाका मारतो त्याच ठेवल्या आहेत: रजेवर गेलेले आप्पा, गोडाऊनचे भाऊ, बिलिंगच्या ताई आणि सेल्सचा दादा.

‘अमुक रजेवर आहेत, अडचण आल्यास ऑफिसशी संपर्क साधावा’ एवढं पुरत नाही का?

गेल्या वर्षी मी नेमकं हेच वाक्य टाकलं होतं. आप्पा भाच्याच्या हळदीला गेले होते, दोनच दिवसांची रजा. त्या संध्याकाळी इंदूरला निघालेली आमची गाडी चोपड्याच्या पुढे बिघडली. ट्रान्सपोर्टवाल्याने दुसरी गाडी पाठवली, माल तिच्यात चढवला, इथवर सगळं ठीक. पण गाडी बदलली की ई-वे बिलाच्या, म्हणजे मालाबरोबर लागणाऱ्या जीएसटीच्या वाहतूक परवान्याच्या, भाग ‘ब’मध्ये नवा गाडी नंबर भरावा लागतो, नाहीतर वाटेत तपासणीत गाडी अडकते. ड्रायव्हरने ऑफिसला फोन लावला. वॉचमनने उचलला आणि सांगितलं, “माले माहित नही, आप्पाले इचारा.” आप्पांचा फोन कपाटात आणि आप्पा हळदीत. रात्री साडेअकराला त्यांनी फोन पाहिला, तोवर गाडी पाच तास रस्त्याच्या कडेला उभी होती.

चूक वॉचमनची नव्हती, आप्पांची तर नव्हतीच. ‘ऑफिस’ फोन उचलत नाही, माणूस उचलतो. नोटिशीत माणूस नसला की लोक ज्याला आधीपासून ओळखतात त्यालाच फोन करतात, म्हणजे जो रजेवर आहे त्यालाच.

नोटीस लिहायला बसण्याआधी काय करावं लागतं?

रजेवर जाणारा माणूस खरोखर काय काय करतो, हे शोधावं लागतं. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. मी आप्पांना विचारलं, “तुमची कामं सांगा, लिहून घेतो.” ते म्हणाले, “काय सांगू, गाड्या काढतो.” बावीस वर्षं एकच काम केलेल्या माणसाला स्वतःचं काम दिसत नाही, ते हाताला दिसतं.

म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस मी त्यांच्या टेबलाशेजारी वही घेऊन बसलो आणि येणारा प्रत्येक फोन लिहून काढला: कोणाचा, कशासाठी, आप्पांनी काय सांगितलं. दोन दिवसांनी वहीत पाच निरनिराळी कामं निघाली. सकाळी अकराच्या आत ट्रान्सपोर्टवाल्याला गाडी सांगणं आणि भाडं ठरवणं. गोडाऊनला लोडिंग स्लिप देणं. बिल झाल्यावर ई-वे बिल काढणं आणि गाडी नंबर चढवणं. माल पोचल्यावर सहीची पोच परत मागवणं. आणि डीलरच्या तक्रारी ऐकणं: नग कमी आले, पाइप फुटलेला आला.

ही पाच कामं मला साधारण माहीत होती. वहीने जे दाखवलं ते वेगळंच होतं. रविवारी रात्री आणि रोज सातनंतर ड्रायव्हर थेट आप्पांच्या मोबाइलवर फोन करत होते, कारण ऑफिस बंद झाल्यावर दुसरा नंबरच कोणाकडे नव्हता. हे काम कुठल्याच कागदावर नव्हतं आणि त्याचा पगारही कोणी देत नव्हतं. नोटिशीत नेमकं हेच सुटतं. त्यामुळे वहीत फोनची वेळ जरूर लिहा.

दोन दिवस बसणं जमणार नसेल, तर त्या माणसाचा गेल्या आठवड्याचा कॉल लॉग त्याच्याबरोबर बसून पाहा. त्याच्याबरोबर बसून, त्याच्या पाठीमागे नव्हे.

पर्याय म्हणून एकच नाव द्यावं की कामाप्रमाणे वेगवेगळी?

रजा एक-दोन दिवसांची असेल तर एकच नाव द्या, लोकांना लक्षात ठेवायला सोपं. आठवड्याच्या वर गेली की कामाप्रमाणे वाटा. पण तीन नावांच्या वर जाऊ नका. मी आधी पाच कामांना पाच माणसं लावली होती. भाऊ हसून म्हणाले, “साहेब, ही नोटीस आहे का लग्नाची पत्रिका?” मग तिघांवर आलो.

वाटणी करताना ‘कोण मोकळा आहे’ हे पाहू नका. ‘हे काम करायला लागणारी वस्तू कोणाकडे आहे’ हे पाहा. गाडी लावायला गोडाऊन किती भरलंय हे कळावं लागतं, म्हणून गाडी आणि भाडं भाऊंकडे. ई-वे बिलाला बिल लागतं, ते ताईंच्या संगणकावर तयार होतं, म्हणून ते ताईंकडे. डीलर दादाला चेहऱ्याने ओळखतात, म्हणून तक्रारी आणि पोच दादाकडे. दादाचं टेबल तेव्हा ताईंपेक्षा मोकळं होतं, तरी ई-वे बिल त्याला दिलं नाही. दिलं असतं तर प्रत्येक बिलासाठी तो ताईंच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला असता.

प्रत्येक नावापुढे ‘ते नसल्यास कोण’ हेही लिहा. सगळीकडे माझंच नाव आलं, हे मला आवडलं नाही, पण सात जणांच्या ऑफिसात दुसरा उपाय नव्हता.

पर्यायी माणसाला कितपत अधिकार द्यावा? तो नोटिशीत लिहावा का?

लिहावाच. नाव दिलं आणि अधिकार दिला नाही, तर तो माणूस नुसता निरोप्या होतो. समोरच्यालाही ते दोन फोनांत कळतं आणि मग तो पुन्हा रजेवरच्या माणसाला गाठतो.

आमच्याकडे खरा प्रश्न भाड्याचा होता. मे महिन्यात आमच्या भागात ठिबकच्या मालाला ओढ असते, कारण पूर्वहंगामी बागायती कापूस मेच्या अखेरीला लागतो आणि त्याआधी शेतात नळ्या अंथरलेल्या हव्या असतात. त्याच काळात सगळ्यांनाच गाड्या हव्या असल्याने भाडं चढतं. आप्पा ट्रान्सपोर्टवाल्याशी अर्धा तास बोलून हजार-पाचशे खाली आणायचे, ती कला भाऊंकडे नाही आणि तेरा दिवसांत येणारही नव्हती. म्हणून एक आकडा ठरवला. त्याच गावाच्या मागच्या फेरीपेक्षा १,५०० रुपयांपर्यंत जास्त मागितले तर भाऊंनी स्वतः हो म्हणायचं, त्यावर गेलं तर मला विचारायचं. आकडा कुठून आणला? आप्पांच्या वहीतून. गेल्या मे महिन्यात फेरी-फेरीत एवढाच फरक पडत होता.

हा आकडा ऑफिसच्या नोटिशीत होता, डीलर आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना गेलेल्या निरोपात नव्हता. का, ते सांगायला नको. ट्रान्सपोर्टवाल्याला १,५०० कळले असते तर पहिल्याच दिवशी प्रत्येक गाडी १,५०० ने महाग झाली असती.

लॉगिन आणि ओटीपीचं काय? पासवर्ड सांगून गेले तर चालत नाही का?

चालत नाही, आणि गेल्या वर्षी गाडी खोळंबली ती याच कारणाने. ई-वे बिलाच्या पोर्टलवर आता पासवर्डबरोबर ओटीपीही लागतो. आधी मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांना होता, १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच. ओटीपी त्या लॉगिनला जोडलेल्या मोबाइलवर जातो. आमच्याकडे ताईंना पासवर्ड माहीत होता, पण मोबाइल आप्पांचा. पासवर्डाची चिठ्ठी म्हणजे कुलपाची किल्ली असून दार आतून कडी लावलेलं.

यावर सरळ उपाय पोर्टलवरच आहे. कंपनीच्या मुख्य लॉगिनमधून `User Management` मध्ये जाऊन `Create Sub User` केलं की दुसऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरावर वेगळं लॉगिन मिळतं. कोणती कामं करू द्यायची तेही तिथेच ठरवता येतं. ताईंचं आणि माझं असं लॉगिन २८ एप्रिलला काढलं आणि आप्पा समोर असतानाच ताईंनी त्यातून एका खऱ्या गाडीचं बिल काढून पाहिलं. हे ‘समोर असतानाच’ फार महत्त्वाचं आहे. पहिल्या खेपेला ताईंना नवं बिल काढता आलं, पण गाडी नंबर बदलायचा पर्याय दिसेना, कारण लॉगिन देताना ती खूण करायची राहून गेली होती. रजेच्या दुसऱ्या दिवशी हे कळलं असतं तर पुन्हा तोच चोपड्याचा रस्ता.

तुमचं काम ई-वे बिलाचं नसेल, बँकेचं असेल, पीएफच्या चलनाचं असेल. तरी प्रश्न एकच विचारा: ओटीपी कोणाच्या खिशात वाजतो? तो खिसा रजेवर जात असेल, तर नोटीस कितीही छान लिहा, उपयोग नाही.

रजेचं कारण लिहावं का?

ते रजेवर जाणाऱ्याला विचारावं आणि तो म्हणेल तेवढंच लिहावं. आप्पांच्या घरी मुलीचं लग्न होतं आणि पत्रिका अख्ख्या एमआयडीसीत वाटून झाली होती, त्यामुळे लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी नोटिशीत मी नुसतं ‘रजेवर’ लिहिलं. एका नोटिशीत लग्न लिहिलं की पुढच्या वेळी कोणाच्या नोटिशीत कारण दिसलं नाही, तर लोक तर्क करायला लागतात. आज आनंदाचं कारण लिहायचं आणि उद्या दवाखान्याचं वगळायचं, म्हणजे न लिहूनही सांगितल्यासारखंच.

आजारपणात तर ‘वैद्यकीय रजा’ हा शब्दही टाळा. चौकशीला येणारा माणूस मायेनेच येतो, पण आपल्याकडे मायेला हद्द नसते. दवाखाना कोणता, डॉक्टर कोण, इथपासून ते ‘आमच्या साडूलाही तेच झालं होतं’ इथपर्यंत जाते.

बाळंतपणाच्या रजेचा प्रकार वेगळा. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवड्यांची असते, म्हणजे सहा महिन्यांचं काम. तिथे ‘तोवर यांच्याशी बोला’ ही भाषा चालत नाही. काम रीतसर दुसऱ्याच्या हाती गेलं असं लिहावं आणि परतीची तारीख छापू नये, कारण ती हलू शकते.

तारखा कशा लिहायच्या?

वार, तारीख, आणि कामावर हजर होण्याचा दिवस, तिन्ही. ‘१६ मेपर्यंत रजेवर’ वाचून निम्मे लोक १६ ला फोन करतात. ‘पुढच्या सोमवारी येतील’ हे तर लिहूच नये, नोटीस शनिवारी वाचणाऱ्याचा पुढचा सोमवार वेगळा आणि मंगळवारी वाचणाऱ्याचा वेगळा.

नोटीस किती दिवस आधी टाकावी?

ऑफिसातल्यांना आठवडाभर आधी, बाहेरच्यांना दोन-तीन दिवस आधी. बाहेर फार लवकर सांगितलं की डीलर ‘आप्पा जायच्या आत’ म्हणून पुढच्या पंधरवड्याच्या ऑर्डरी आत्ताच घुसवतात. यंदा १७ मेपासून अधिक महिना लागणार होता, त्याआधीच लग्नं उरकायची सगळ्यांनाच घाई. आमच्या सातांपैकी चौघांना कुठे ना कुठे जायचं होतं. म्हणून नोटिशीच्या आधी कॅलेंडर भिंतीवर लावून ताई आणि भाऊ एकाच दिवशी गैरहजर नाहीत एवढं पाहून घेतलं. खानदेशात आखाजीच्या आठवड्यातही असंच करावं लागतं. लेकीबाळी माहेरी येतात तेव्हा आणायला-सोडायला जाणारे आपलेच सहकारी असतात.

प्रत्यक्ष मजकूर कसा होता?

ऑफिसच्या ग्रुपवर आणि गोडाऊनच्या फळ्यावर लावलेला मजकूर हा असा. मूळ नोटिशीत प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि ऑफिसचा नंबर होता.

> डिस्पॅच विभाग: सूचना
>
> आपले आप्पा सोमवार ४ मे ते शनिवार १६ मे रजेवर आहेत. सोमवार १८ मे रोजी सकाळी ९ वाजता कामावर हजर होतील.
>
> गाडी लावणे, भाडे, लोडिंग स्लिप: भाऊ. ते नसल्यास टीम लीड.
>
> ई-वे बिल आणि गाडी नंबर बदलणे: ताई, संध्याकाळी ६ पर्यंत. ६ नंतर आणि रविवारी टीम लीड.
>
> डीलरच्या तक्रारी, तूटफूट, कमी नग, पोच: दादा. ते नसल्यास टीम लीड. फोटो असल्याशिवाय तक्रार नोंदवू नये.
>
> मागच्या फेरीपेक्षा भाडे १,५०० रुपयांपर्यंत जास्त असल्यास भाऊ ठरवतील. त्यापुढे टीम लीडला विचारल्याशिवाय गाडी पक्की करू नये.
>
> २ मेपर्यंतच्या अर्धवट राहिलेल्या तक्रारींची वही दादांकडे आहे.
>
> आप्पांना कामासाठी फोन करू नये. फारच अडलं तर टीम लीडला सांगावे, गरज वाटल्यास तेच आप्पांशी बोलतील.

‘सहकार्याची अपेक्षा’ वगैरे शेवटी काही नाही. फळ्यावर तेवढी जागाही नव्हती.

शेवटून दुसऱ्या ओळीबद्दल दोन शब्द. चालू कामं सगळ्यांना आठवतात, अर्धवट राहिलेली कोणाला आठवत नाहीत. पारोळ्याच्या एका डीलरचे सहा नग कमी गेले होते आणि ‘पुढच्या गाडीत टाकतो’ असं आप्पांनी तोंडी कबूल केलं होतं. ते फक्त आप्पांना आणि त्या डीलरला माहीत. २ मेच्या दुपारी दादाने आप्पांना बसवून अशी तोंडी कबुली दिलेली सगळी प्रकरणं वहीत उतरवून घेतली. चार निघाली.

डीलर, ट्रान्सपोर्टवाले आणि ड्रायव्हर यांना हीच नोटीस पाठवायची का?

नाही. त्यांना त्यांच्यापुरतं. डीलरला फक्त दादाचं नाव, ट्रान्सपोर्टवाल्याला फक्त भाऊंचं. दोन ओळींचा निरोप आणि त्यात परतीची तारीख, बस.

ड्रायव्हरसाठी मात्र मेसेजच्या भरवशावर राहू नका. गाडी चालवणारा माणूस लांबलचक मेसेज वाचत नाही आणि वाचूही नये. आम्ही बिल्टीला टाचायला एक छोटी चिठ्ठी छापली, ‘वाटेत अडचण आल्यास’ आणि खाली दोन नंबर, दिवसाचा आणि रात्रीचा. तरी पहिल्या दिवशी एक जुना ड्रायव्हर थेट गोडाऊनात आला आणि विचारत बसला, “आप्पा कोठे शेतस?” भाऊंनी त्याला चहा पाजला आणि चिठ्ठी हातात दिली. जुन्या माणसांना एवढा हक्क असतोच.

ईमेल आणि व्हॉट्सअॅपला आपोआप उत्तर लावून ठेवलं तर?

लावा, पण त्याच्या मर्यादा माहीत असू द्या. जीमेलचं `Vacation responder` एकाच माणसाला लगेच पुन्हा उत्तर देत नाही, त्याच पत्त्यावरून चार दिवसांनी मेल आली तरच दुसऱ्यांदा जातं. म्हणजे डीलरने सोमवारी पहिली मेल टाकली, उत्तर न वाचता मंगळवारी दुसरी टाकली, तर मंगळवारी त्याला काहीच मिळत नाही आणि आपल्याकडे दुर्लक्ष झालं असं त्याला वाटतं. म्हणून पहिल्याच उत्तराच्या पहिल्या ओळीत दादाचं नाव आणि पत्ता हवा. ‘आपल्या संदेशाबद्दल आभारी आहोत’ या ओळीने ती जागा खाऊ नये.

व्हॉट्सअॅप बिझनेसमधलं `Away message` फोनला इंटरनेट असेल तरच जातं. आप्पांच्या गावी लग्नमंडपात रेंज कुठे असते, कुठे नसते. त्यामुळे त्यावर आम्ही विसंबलो नाही.

ग्रुपवर नोटीस पिन करायची सोय चांगली आहे, पण तिथे मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस एवढीच निवडता येते. रजा तेरा दिवसांची असताना ७ दिवस निवडले तर दुसऱ्या आठवड्यात नोटीस गायब होते आणि नेमके तेव्हाच लोक विसरलेले असतात. ३० दिवस निवडा आणि माणूस परत आला की हाताने काढून टाका.

अचानक रजा असेल तर? आदल्या रात्री फोन येतो आणि सकाळपासून माणूस नाही.

तेव्हा वही नाही, वाटणी नाही, काहीच नाही. अशा वेळी सकाळी पहिल्या अर्ध्या तासात तीन ओळी टाका: अमुक आज नाहीत, आजच्या दिवसापुरतं सगळं माझ्याकडे, संध्याकाळी ५ वाजता पुढचं सांगतो. कारण नाही, परतीची तारीख नाही, कारण तुम्हालाच माहीत नाही. मात्र ५ वाजता खरंच सांगा, काही ठरलं नसेल तर ‘उद्याही माझ्याकडेच’ एवढं तरी. दुपारभर येणारे फोन स्वतः घेतल्यावर संध्याकाळपर्यंत कामांची यादी आपोआप तयार होते, तिच्यावरून दुसऱ्या दिवशी नीट नोटीस लिहिता येते.

दुःखद प्रसंग असेल तर त्या घरी कामाचा फोन जाऊ नये, ही जबाबदारी टीम लीडची. ओटीपी अडला तरी. तेव्हा पोर्टलच्या मुख्य लॉगिनमधून मार्ग काढावा किंवा गाडी एक दिवस थांबवावी.

इतकं सगळं करूनही लोक रजेवरच्या माणसाला फोन करतातच. मग?

करतात. आणि तो उचलतोही, कारण त्यालाही चैन पडत नसतं. आप्पांनी ५ तारखेला स्वतःच भाऊंना फोन करून विचारलं, “धुळ्याची गाडी गेली का रे?” भाऊंनी सांगितलं, “गेली. आता तुम्ही मांडवाचं बघा.” फोन ठेवल्यावर भाऊंच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं त्यावरून कळलं की काम खरंच त्यांच्याकडे आलंय.

आमचा नियम एवढाच, आप्पांना फोन फक्त मी करायचा. तेरा दिवसांत एकदाच त्यांना गाठलं, तेही मेसेजने. एका जुन्या डीलरने ‘आप्पांनी मला भाड्यात सूट कबूल केली होती’ असं सांगितलं आणि वहीत ती नोंद नव्हती. मेसेज करण्याआधी मी दादाला विचारलं, ताईंना विचारलं, जुनी बिलं पाहिली. मग रात्री जेवणं झाल्यावर आप्पांना एका ओळीचा मेसेज टाकला, असा की हो किंवा नाही म्हटलं तरी पुरे. उत्तर आलं, “नाही. दर वर्षी असंच म्हणतो.”

टीम लीडच रजेवर जाणार असेल तर नोटीस कोणी टाकायची?

त्याच्या वरच्याने. स्वतःच्या रजेची नोटीस स्वतः टाकली की लोक तिला निरोप समजतात, आदेश नाही. नवीन माणसाला अधिकार दिल्याचं वरून कळलं पाहिजे.

परत आल्यावर वेगळी नोटीस लागते का?

एका ओळीची लागते, आणि ती सकाळी नव्हे तर दुपारनंतर. १८ तारखेला सकाळी ९ ला आप्पा आले, बुंदीचा डबा टेबलावर ठेवला आणि लगेच फोनकडे हात नेला. त्यांना थांबवून आधी तासभर तिघांनी आपापलं सांगितलं: कोणती गाडी कुठे आहे, कोणती पोच यायची आहे, पारोळ्याचे सहा नग गेले, बाकी तीन तक्रारींपैकी एक अजून उघडी. एक गाडी अजून वाटेत होती, तिचं ई-वे बिल रात्री बाराला संपणार होतं. ते ताईंनीच शेवटपर्यंत सांभाळावं असं ठरलं, मधेच हात बदलायला नको म्हणून. इंदूरकडच्या गाड्यांना २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने दोन दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात गाडी पोचणार नसेल तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच ती वाढवता येते. हे ताईंना आता तोंडपाठ झालं होतं.

दुपारी तीनला ग्रुपवर टाकलं: ‘आप्पा हजर आहेत. आजपासून सगळी कामं पूर्वीप्रमाणे, फक्त रात्री ७ नंतर आणि रविवारी ड्रायव्हरचे फोन आठवड्याला आळीपाळीने आप्पा, भाऊ आणि टीम लीड घेतील. बिल्टीवरची चिठ्ठी चालू राहील.’ पिन काढला, मेलचं आपोआप उत्तर बंद केलं. ताईंचं लॉगिन मात्र बंद केलं नाही. पोर्टलवर ते गोठवायची सोय आहे, पण आप्पाच म्हणाले, राहू दे, श्रावणात कानबाईला पुन्हा दोन दिवस जायचंय.